न झालेल्या सभेची मिनिट्स

पत्र:
ताई, नमस्कार. मी इंदूरची, वय सव्वीस. १ डिसेंबर २०२५ पासून पीथमपूरच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत कंपनी सेक्रेटरी आहे, पहिलीच नोकरी. गाड्यांचे सुटे भाग बनतात. भरणा झालेलं भांडवल १२ कोटी, ३१ मार्च २०२५ रोजी बँकांची बाकी १०४ कोटी, म्हणून यंदा पहिल्यांदाच सेक्रेटेरियल ऑडिट आहे. संचालक तिघे: एमडी (सगळे त्यांना बडे भैया म्हणतात), त्यांचे धाकटे भाऊ आणि एक जुने फॅक्टरी मॅनेजर. २०२५ मध्ये बोर्डाच्या सभा १० मार्च, २० जून आणि ५ सप्टेंबरला झाल्या, नंतर एकही नाही. मी डिसेंबरमध्ये दोनदा तोंडी आठवण दिली होती. २० फेब्रुवारीला ऑडिटर येणार, तर बडे भैया म्हणतात १४ नोव्हेंबरची मिनिट्स बनव. त्यात १८ कोटींचं नवं टर्म लोन आणि त्यांच्या पत्नीचं गोडाऊन १ डिसेंबरपासून दीड लाख रुपये महिना भाड्याने घेण्याचे ठराव टाक. लोनच्या ठरावाची प्रत त्यांनी स्वतः सही करून बँकेला आधीच दिली आहे. धाकटे भाऊ त्या आठवड्यात जर्मनीला प्रदर्शनात होते. माझे बाबा याच कंपनीत अकाउंट्समध्ये होते, ते म्हणतात घरचीच माणसं आहेत, करून टाक. ऑडिटर नेमकं काय बघतो? आणि माझं काम तरी नेमकं काय?
– एक वाचक, इंदूर, ५ फेब्रुवारी

उत्तर:
ती मिनिट्स लिहू नकोस. मसुदा म्हणूनही नको, कारण एकदा फाइल बनली की तिच्यावर सही करायचा तगादा सुरू होतो.

आधी दोन्ही बाजूंचा हिशेब बघ. सभा झाली नाही, हा दोष आहे. कंपनी कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे वर्षाला किमान चार सभा लागतात आणि दोन सभांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. बोर्डाच्या सभांसाठी ठरवलेलं मानक, सेक्रेटेरियल स्टँडर्ड वन, हे वर्ष कॅलेंडरप्रमाणे मोजतं, म्हणजे तुमची २०२५ ची एक सभा कमी पडली. अंतराची मुदत ३ जानेवारीला संपली. ती तारीख तुझ्याच कारकिर्दीत उलटली, हेही मनात ठेव. तोंडी आठवणींचा कागदोपत्री उपयोग शून्य. या दोषाला कलमात वेगळी शिक्षा नाही, म्हणून कलम ४५० लागतं: दहा हजार रुपये, दोष चालू राहिला तर रोज हजार, कंपनीला जास्तीत जास्त दोन लाख आणि जबाबदार अधिकाऱ्याला जास्तीत जास्त पन्नास हजार. हा दंड आहे, गुन्हा नाही. ग्वाल्हेरच्या रजिस्ट्रारकडे सुनावणी होते, पैसे भरले की प्रकरण मिटतं.

दुसऱ्या बाजूला कलम ११८ च्या शेवटी एक छोटं पोटकलम आहे: मिनिट्समध्ये फेरफार केल्याचं सिद्ध झालं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर पंचवीस हजार ते एक लाख दंड. जी सभाच झाली नाही तिची मिनिट्स बनवणं हा ‘फेरफार’ होतो का, यावर वकील वाद घालतील. पण कायद्याने ठेवायला लावलेल्या कागदात जाणूनबुजून खोटं विधान केलं की कलम ४४८ लागतं, आणि ते थेट ४४७ कडे, म्हणजे फसवणुकीच्या कलमाकडे नेतं. तिथे कैद रकमेप्रमाणे दहा वर्षांपर्यंत जाते. पन्नास हजारांचा दंड वाचवायला हे पत्करायचं? बाबांना हे आकडे दाखव. अकाउंट्सचा माणूस आहे, त्यांना लगेच कळेल.

आता ऑडिटर काय बघतो. सीए कंपनीचे आकडे तपासतो. सेक्रेटेरियल ऑडिटर तपासतो की कंपनीने निर्णय घेताना ज्याचा अधिकार होता त्यानेच, ठरलेल्या रीतीने आणि वेळेत घेतला का. तो प्रॅक्टिस करणारा बाहेरचा कंपनी सेक्रेटरी असावा लागतो. नोकरीत असलेल्या तुला हा रिपोर्ट देता येत नाही, आणि ‘आपली मुलगीच सही करेल’ असं कुणाच्या मनात असेल तर ते आजच स्पष्ट कर. रिपोर्टचा नमुना एमआर-३. त्यात कंपनी कायदा येतो, शेअर डीमॅट करण्याचे नियम येतात, परकीय पैसा असेल तर परकीय चलनाचा कायदा फेमा येतो आणि तुमच्या उद्योगाला खास लागू होणारे कायदे येतात. सेबीचे नियम लिस्टेड कंपन्यांना, म्हणजे तुमचा तो भाग जवळजवळ कोरा. याशिवाय बोर्डाची रचना, सभेच्या नोटिसा, विरोधी मत नोंदवलं का, आणि नियम पाळले जातात की नाही हे बघायची कंपनीत काही व्यवस्था आहे का, यावर त्याला मत द्यावं लागतं. डीमॅटचं तू स्वतः एकदा बघून घे: तुमची कंपनी भांडवलामुळे ‘स्मॉल’ मध्ये बसत नाही, म्हणून ३० जून २०२५ ची मुदत तुम्हाला लागू होती.

पण तुझ्या प्रश्नाचा जीव मिनिट्समध्ये आहे, म्हणून तिथेच थांबते. नव्या सेक्रेटरींना वाटतं की ऑडिटर मिनिट बुक उघडतो, पानं वाचतो आणि टिक करत जातो. मी स्वतः हे काम करते. मी मिनिट बुक शेवटी उघडते. आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, पोर्टलवर कंपनीने वर्षभरात काय काय फाइल केलं ते बघते. मग बँकेची मंजुरीपत्रं मागते, आणि अकाउंट्सकडून भाडं, प्रवास आणि कायदेशीर खर्च ही तीन खाती. यातून माझ्या वहीत एक यादी तयार होते: या तारखेला कर्ज घेतलं, या तारखेला भाडं सुरू झालं, हा संचालक या दिवसांत देशाबाहेर होता. त्यानंतर मिनिट बुक उघडून बघते की या प्रत्येक घटनेच्या आधी बोर्डाचा ठराव आहे का.

तुमच्या कंपनीत हे कसं उलगडेल ते सांगते. पोर्टलवर १८ कोटींच्या कर्जासाठी भरलेला सीएचजी-१, म्हणजे तारणाच्या नोंदीचा फॉर्म, दिसेल, म्हणून मी बँकेची फाइल मागणार. तिथे १४ नोव्हेंबरच्या ठरावाची प्रत निघणार. मग त्या सभेची नोटीस मागणार. नोटीस किमान सात दिवस आधी गेलेली असावी लागते, म्हणजे ७ नोव्हेंबरच्या आधीचा ईमेल दाखवा. तो नाही. हजेरीपटावर धाकट्या भावाची सही असेल तर प्रवास खात्यात त्याच दिवसांचं जर्मनीचं तिकीट आणि हॉटेलचं बिल आहे. ‘ते व्हिडिओवर होते’ असं म्हणाल तर रेकॉर्डिंग दाखवा, कारण व्हिडिओवरच्या सभेचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं लागतं. त्यांना गैरहजर दाखवलं तर उरले बडे भैया आणि मॅनेजर. दोघांनी कोरम होतो खरा, पण मग मी मॅनेजरसाहेबांना चहा घेता घेता विचारणार, की त्या दिवशी काय ठरलं होतं. इंदुरात जुन्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो खरं सांगून मोकळा होतो.

आणि आता तुझ्यापुरतं. मिनिट्सचा मसुदा सभेनंतर पंधरा दिवसांत संचालकांना जातो, ते सात दिवसांत दुरुस्त्या सुचवतात, आणि तीस दिवसांच्या आत मिनिट्स बुकात उतरवावी लागतात. बुकात उतरवल्याची तारीख कंपनी सेक्रेटरीने नोंदवायची असते. १४ नोव्हेंबरपासून तीस दिवस म्हणजे १४ डिसेंबर, आणि तू १ डिसेंबरला रुजू झालीस. म्हणजे खोट्या सभेची खोटी तारीख तुझ्या हस्ताक्षरात पडणार. बँकेच्या प्रतीवर तुझी सही नाही, पण या नोंदीवर असेल. शिवाय हे एकाच कागदावर थांबत नाही. बोर्डाच्या अहवालात वर्षात किती सभा झाल्या ते लिहावं लागतं. वार्षिक विवरण एमजीटी-७ मध्ये प्रत्येक सभेची तारीख आणि किती संचालक हजर होते ते भरावं लागतं, आणि त्यावर कंपनी सेक्रेटरीची सही लागते. एक खोटी सभा निदान चार जागी उगवते आणि त्यातल्या दोन जागी तुझं नाव असतं.

आता काय करायचं. आज ५ तारीख आहे, म्हणजे वेळ आहे.

सगळ्यात आधी जुनी मिनिट बुकं काढ आणि एकच गोष्ट शोध: कर्ज घेण्याचा अधिकार बोर्डाने पूर्वी कधी एमडींना दिलाय का. कलम १७९ प्रमाणे कर्ज घेण्याचा ठराव बोर्डाच्या सभेतच व्हावा लागतो, पण बोर्ड सभेतच ठराव करून हा अधिकार एका मर्यादेपर्यंत एमडीकडे देऊ शकतं. बऱ्याच कुटुंबांच्या कंपन्यांत असा एखादा ठराव दहा वर्षांपूर्वीचा पडून असतो आणि कुणाच्या लक्षात नसतो. तो सापडला आणि मर्यादा पुरत असेल, तर १८ कोटींचं कर्ज अधिकाराविना घेतलेलं नाही, मग १४ नोव्हेंबरची गरजही उरत नाही. बँकेला दिलेली प्रत तरीही चुकीचीच राहते, पण प्रश्न अर्धा होतो.

सापडला नाही तर १६ फेब्रुवारीला खरी सभा बोलाव. आज किंवा उद्या ईमेलने तिघांनाही नोटीस आणि अजेंडा पाठव, पाठवल्याचा पुरावा जप. ५ सप्टेंबरपासून १६ फेब्रुवारीपर्यंत १६४ दिवस होतात. म्हणजे ४४ दिवसांचा उशीर झाला, तो झाला. तो लपवायचा नाही, आणखी वाढू मात्र द्यायचा नाही. या सभेत तीन विषय घे.

पहिला, कर्ज. ठरावात स्पष्ट लिहायचं की २० नोव्हेंबर किंवा जी असेल त्या तारखेला एमडींनी बँकेशी केलेला करार बोर्डाच्या आधीच्या ठरावाशिवाय झाला होता, बोर्डाने आज कर्जाच्या अटी पाहिल्या आणि त्या कृतीला आज मान्यता दिली. ‘आज’ हा शब्द त्यातून जाऊ देऊ नकोस. कंपनीच्या कक्षेतल्या कामाला नंतर मान्यता दिली तर ते कंपनीवर बंधनकारक ठरतं, हा साधा करारकायदा आहे. मात्र याने अधिकाराची उणीव भरते, बँकेला दिलेलं खोटं विधान पुसलं जात नाही.

दुसरा, गोडाऊन. इथे तुमच्याकडे एक मुदत आहे आणि ती अजून हातात आहे. संचालकाच्या पत्नीशी केलेला भाडेकरार हा रिलेटेड पार्टीचा व्यवहार. तो नेहमीच्या धंद्यातला आणि बाजारभावाने नसेल तर कलम १८८ प्रमाणे बोर्डाची मंजुरी लागते. आधी घेतली नसेल तर कराराच्या तारखेपासून तीन महिन्यांत बोर्ड त्याला मान्यता देऊ शकतं. १ डिसेंबरचा करार असेल तर फेब्रुवारीतच हे उरकायला हवं. उलटून गेलं तर बोर्डाला तो करार रद्द ठरवण्याचा हक्क येतो. आसपासच्या दोन-तीन गोडाऊनचे दर कागदावर घेऊन ठेव, ऑडिटर विचारेलच. या विषयाच्या वेळी बडे भैयांनी आपला हितसंबंध जाहीर करून खोलीबाहेर जावं. बोर्डाच्या सभांच्या नियमांतला नियम १५ तसंच सांगतो. उरलेले दोघे कोरमला पुरतात, कारण धाकट्या भावाचं हितसंबंधात नाव येत नाही. गंमत अशी, की कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत सून आहे, जावई आहे, पण वहिनी नाही. सभा झाली की रजिस्टरमध्ये नोंद कर, आणि वर्षअखेरीला एओसी-२ मध्ये, म्हणजे बोर्डाच्या अहवालाला जोडायच्या अशा व्यवहारांच्या फॉर्ममध्ये, हा व्यवहार येतो का तेही बघ.

तिसरा विषय तुझा स्वतःचा, आणि इथेच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. कलम २०५ प्रमाणे कायदा पाळला जातोय की नाही हे कंपनी सेक्रेटरीने बोर्डाला कळवायचं असतं. बोर्डाला, फक्त एमडींना नाही. पगार ते देत असले तरी तू अधिकारी तिन्ही संचालकांची आहेस, आणि कायद्यात तुझी गणना प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्तींमध्ये होते, म्हणून दोष झाला की जबाबदारांच्या यादीत तुझं नाव आपोआप येतं. तेव्हा एक पानी अहवाल अजेंड्याला जोड. त्यात भाषा कोरडी ठेव: सभांमधलं अंतर किती, मुदत कधी संपली, कोणते दोन व्यवहार ठरावाशिवाय झाले, आणि दुरुस्ती म्हणून काय सुचवतेस. कुणाला दोष देणारं एकही वाक्य नको.

राहिली बँकेला दिलेली प्रत. यात सर्वांत जास्त धोका बडे भैयांना आहे, आणि तू त्यांच्याशी बोलताना सुरुवात इथूनच कर. ‘मी करणार नाही’ असं म्हणण्यापेक्षा ‘तुमच्या सहीचा एक खोटा दाखला बँकेत आहे, आपण त्याला आधार देणारा दुसरा खोटा कागद बनवला तर तो हेतुपुरस्सर ठरेल, त्यापेक्षा वकिलाला विचारून बँकेला १६ फेब्रुवारीचा खरा ठराव एका पत्रासोबत देऊ’ असं म्हण. पत्राचा मजकूर वकीलच ठरवू दे, तू ठरवू नकोस. आणि तोवर १४ नोव्हेंबरच्या ठरावाची कोणतीही नवी प्रत, कुणीही मागितली तरी, प्रमाणित करू नकोस.

आता त्यांना सगळ्यात जास्त भीती कशाची आहे ते बघू: रिपोर्टमध्ये काय येईल. तुम्ही हे सगळं खरं मांडलंत तर ऑडिटर साधारण असं लिहील: ५ सप्टेंबर २०२५ आणि १६ फेब्रुवारी २०२६ च्या सभांमधलं अंतर १२० दिवसांपेक्षा जास्त होतं, २०२५ मध्ये चार सभा झाल्या नाहीत, एक कर्ज आणि एक भाडेकरार यांना बोर्डाने नंतर मान्यता दिली. तीन-चार ओळी. कलम २०४ प्रमाणे प्रत्येक शेऱ्याचं स्पष्टीकरण बोर्डाने आपल्या अहवालात द्यावं लागतं, म्हणून ‘दोष लक्षात आला, सभा घेतली, आता वर्षाचं वेळापत्रक आधी ठरवलं आहे’ हे तिथे लिहिता येतं. बँका असे शेरे रोज वाचतात. त्यांना खुपतं ते स्पष्टीकरण नसणं. हवं तर कंपनी स्वतःहून कलम ४५४ खाली रजिस्ट्रारकडे अर्ज करून दंडाचं मिटवू शकते. तो निर्णय बोर्डाचा.

बडे भैया तरीही अडून बसले तर? तुझा अहवाल आणि नोटीस तिन्ही संचालकांना ईमेलने गेलेली असू दे. ऑडिटरने १४ नोव्हेंबरबद्दल विचारलं तर ‘त्या तारखेच्या सभेची नोटीस, हजेरी किंवा मिनिट्स माझ्याकडे नाहीत’ एवढं खरं उत्तर दे. त्याला माहिती मिळण्याचा हक्क आहे आणि त्याच्याशी खोटं बोलायचा अधिकार कुणी तुला देऊ शकत नाही. दुसऱ्या कुणाकडून मिनिट्स लिहून घेऊन बुकात घातली गेली, तर नोकरी सोड. सोडताना राजीनामा तिघांनाही पाठव, मिनिट बुकाच्या शेवटच्या पानाचा क्रमांक आणि तारीख लिहून हवाली केल्याची पावती घे, आणि कंपनीने तुझ्या जाण्याची नोंद करणारा डीआयआर-१२ फॉर्म तीस दिवसांत भरला का ते पोर्टलवर तपास. तो भरेपर्यंत रजिस्ट्रारच्या लेखी त्या कंपनीची सेक्रेटरी तूच असतेस.